धरणाच्या व्हिडिओखालची पहिली ओळ

राज्यातील सर्व जिल्हा माहिती अधिकारी आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षांतील अधिकारी-कर्मचारी यांना,



पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडले की जिल्ह्याजिल्ह्यांतून त्याचे व्हिडिओ प्रसिद्ध होतात. फेसाळत पडणारे पाणी, धरणावर उभे राहून माहिती देणारे अधिकारी आणि खाली चार-सहा ओळींचा मजकूर, अशी त्यांची साधारण घडण असते. या व्हिडिओंतली माहिती बहुतेक वेळा बरोबर असते आणि ती तातडीने दिलेली असते. तरीही नदीकाठच्या माणसाला हवी असलेली गोष्ट त्यातल्या आवाजात असते आणि तो आवाज बहुतेक फोनवर बंद असतो. हे पत्र त्या मजकुराविषयी आहे. व्हिडिओखालची ओळ आणि व्हिडिओवर उमटणारी अक्षरे अशी लिहिली जावीत की आवाज नसतानाही कुठले पाणी, कधीचे, कोणासाठी आणि आता काय करायचे हे आधी कळेल. त्यासाठी नवी यंत्रणा लागत नाही. आहे त्याच मजकुराचा क्रम बदलावा लागतो, आणि तो बदलणे दिसते तितके सोपे नाही.

आवाज बंद असतो हे गृहीत धरायला आधार आहे. फेसबुकने 2013 च्या अखेरीपासून व्हिडिओ आपोआप, पण मुका सुरू करायला सुरुवात केली. पुढे इतर काही माध्यमांनीही तोच मार्ग धरला. स्क्रोल करताना व्हिडिओ समोर येतो, हलू लागतो आणि आवाज हवा असेल तर बऱ्याचदा बोट लावावे लागते. याच फेसबुकने 2016 मध्ये जाहिरातींच्या व्हिडिओंबद्दल दोन निरीक्षणे प्रसिद्ध केली. तपासलेल्या व्हिडिओंपैकी 41 टक्के आवाजाशिवाय जवळजवळ निरर्थक होते, आणि अक्षरे दिलेले व्हिडिओ लोक सरासरी 12 टक्के जास्त वेळ पाहत होते. हे आकडे जाहिरातींचे आहेत आणि पाहण्याचा वेळ म्हणजे समजणे नव्हे, हे मान्य केले पाहिजे. पण ज्यांचा धंदाच लक्ष वेधण्यावर चालतो त्यांचेही एवढे व्हिडिओ मुके झाल्यावर अर्थ हरवत असतील, तर घाईत टिपलेल्या धरणाच्या व्हिडिओचे काय होत असेल याचा अंदाज बांधता येतो.

आपल्याकडे याला आणखी एक कारण जोडले जाते, ते म्हणजे खुद्द पाऊस. पुराचा इशारा मुसळधार पावसातच द्यावा लागतो, आणि पत्र्याच्या छपराखाली बसलेल्या माणसाला तेव्हा शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही, तिथे फोनमधून येणारा आवाज कुठून ऐकू येणार? व्हिडिओतही पाण्याचा आणि वाऱ्याचा गोंगाट बोलणाऱ्याच्या आवाजावर चढलेला असतो. शिवाय 2011 च्या जनगणनेनुसार देशात ऐकू न येण्याशी संबंधित अपंगत्व असलेले लोक सुमारे 50 लाख आहेत. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 याच्या कलम 42 मध्ये ध्वनी, छापील आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतला मजकूर सर्वांना घेता येईल अशा रूपात असावा, अशी जबाबदारी शासनावर टाकली आहे. म्हणून आवाजाशिवाय कळणारा इशारा ही सौजन्याची बाब नाही, ती आपली बांधिलकी आहे.

आता एक उदाहरण मुळापासून उलगडून पाहू. ते मी रचलेले आहे. तारीख आणि बंधाऱ्याची त्या दिवसाची पातळी काल्पनिक आहे, पण ठिकाणे आणि ठरलेले आकडे खरे आहेत. राधानगरी धरण भोगावती नदीवर आहे. त्याला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. तलाव पूर्ण भरला की पाण्याच्या दाबाने ते एकेक करून उघडतात आणि पातळी उतरली की मिटतात. एका दरवाज्यातून 1428 क्युसेक पाणी बाहेर पडते. भोगावती पुढे कासारी, कुंभी, तुळशी यांच्यासह पंचगंगेत मिळते, आणि कोल्हापुरात पंचगंगेची उंची राजाराम बंधाऱ्यावर मोजली जाते. तिथे इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. कोल्हापूरच्या माणसाला क्युसेकचा हिशेब लागेलच असे नाही, पण ‘राजाराम बंधारा किती फुटांवर आहे’ हे तो चहाच्या टपरीवरही विचारतो. सांगलीत हाच प्रश्न आयर्विन पुलाच्या फुटांत विचारला जातो आणि तिथे 40 व 45 हे आकडे लोकांना पाठ असतात.

समजा 24 जुलै 2027 रोजी दुपारी राधानगरीचे दोन दरवाजे उघडले. दोन दरवाज्यांचे 2856 आणि वीजगृहातून सुटणारे 1500 मिळून विसर्ग 4356 क्युसेक झाला. 52 सेकंदांचा व्हिडिओ तयार झाला. पहिली सहा सेकंदे बोधचिन्ह फिरते. मग दहा-बारा सेकंदे पाणी कोसळताना दिसते. मग अधिकारी बोलू लागतात, ‘नमस्कार, आज आपण पाहत आहात…’ इथून सुरुवात होते, धरणाची साठवण क्षमता आणि गेल्या चोवीस तासांतला पाऊस येतो, आणि 38 व्या सेकंदाला नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे, जनावरे सुरक्षित स्थळी हलवावीत, असे वाक्य येते. व्हिडिओखाली लिहिलेले असते:

> मा. जिल्हाधिकारी महोदयांच्या मार्गदर्शनाखाली जिल्हा प्रशासन पूर्णपणे सज्ज असून, पाणलोट क्षेत्रात सुरू असलेल्या संततधार पावसामुळे राधानगरी धरण 100 टक्के भरल्याने आज दुपारी धरणाचे दोन स्वयंचलित दरवाजे उघडले असून धरणातून भोगावती नदीपात्रात एकूण 4356 क्युसेक इतका विसर्ग करण्यात येत आहे. तरी नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे असे आवाहन करण्यात येत आहे. पाहा संपूर्ण व्हिडिओ.

यात एकही चूक नाही. पण फोनवर हा मजकूर पूर्ण दिसत नाही. साध्या पोस्टमध्ये पहिल्या दोन-तीन ओळी दिसतात, रीलमध्ये बहुधा एकच, आणि पुढे ‘आणखी’ असा शब्द येतो. म्हणजे बोट न लावणाऱ्याला दिसते ते एवढेच: जिल्हाधिकारी महोदयांच्या मार्गदर्शनाखाली जिल्हा प्रशासन पूर्णपणे सज्ज असून. वर चित्रात पाणी कोसळते आहे. हे धरण कोणते? हे आजचे पाणी की गेल्या वर्षीचे? हे माझ्या गावाकडे येणारे पाणी आहे का? यातल्या एकाही प्रश्नाचे उत्तर समोर नाही, आणि उत्तरे आहेत ती 38 व्या सेकंदाच्या आवाजात किंवा ‘आणखी’च्या पलीकडे.

यात मराठी वाक्याची स्वतःची एक अडचण आहे आणि ती नीट समजून घ्यायला हवी. आपले क्रियापद शेवटी येते. म्हणून लांब वाक्य मध्येच कापले गेले की नेमकी क्रियाच गळून पडते. ‘राधानगरी धरणातून भोगावती नदीपात्रात सुरू असलेला विसर्ग दुपारी तीन वाजल्यापासून’ इथे ओळ संपली तर विसर्ग वाढवला, कमी केला की बंद केला, काहीच कळत नाही. तिन्ही शक्यतांचे वाक्य इथपर्यंत अक्षरशः एकच असते. त्यातच ‘करण्यात येत आहे’, ‘देण्यात येत आहे’ ही कार्यालयीन ठेवण वाक्य आणखी लांबवते आणि क्रिया आणखी मागे ढकलते. आवाजात सांगताना ही अडचण जाणवत नाही, कारण ऐकणारा वाक्याच्या शेवटापर्यंत सोबत येतो. कापलेल्या ओळीत तो मधल्या पायरीवरच सुटतो. म्हणून पहिल्या ओळीत लांब वाक्य नकोच. निर्णय आधी आणि तोही तीन-चार शब्दांत यावा, बाकीचे त्यामागून.

तोच मजकूर मी असा लिहीन:

> भोगावती-पंचगंगा काठ, कोल्हापूर: पाणी वाढणार. 24 जुलै 2027, दुपारी 3.
> राजाराम बंधारा 36 फूट 8 इंच. इशारा 39, धोका 43.
> मोटारपंप आणि जनावरे आत्ताच वर घ्या. पाणी आलेल्या बंधाऱ्यावरून वाहन नेऊ नका.
> राधानगरीचे 2 दरवाजे उघडले. वीजगृहासह विसर्ग 4356 क्युसेक. धरण भरल्यामुळे दरवाजे आपोआप उघडले आहेत.
> पुढची माहिती सायंकाळी 6 वाजता. मदतीसाठी 1077.
> जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्ष, कोल्हापूर

या क्रमामागचा विचार सांगतो. पहिली जागा धरणाला न देता नदीकाठाला दिली आहे, कारण वाचणारा धरणावर राहत नाही. तो काठावर राहतो. आपल्या नदीचे नाव दिसले की माणूस थांबतो, न दिसले तर निर्धास्तपणे पुढे जातो, आणि हे दोन्ही योग्यच आहे. दुसऱ्या नदीकाठच्या गारगोटीच्या माणसाला विनाकारण घाबरवणे हाही इशाऱ्याचा दोषच. त्यानंतर ‘पाणी वाढणार’ हा निर्णय, मग तारीख-वेळ. वर्ष मुद्दाम लिहिले आहे, त्याचे कारण पुढे येईल. दुसऱ्या ओळीत बंधाऱ्याची पातळी आणि तिच्या शेजारी दोन्ही ठरलेल्या पातळ्या. नुसते 36 फूट 8 इंच म्हटले तर ते किती हे नव्याने राहायला आलेल्या भाडेकरूला, बाहेरगावच्या विद्यार्थ्याला कळणार नाही. शेजारी 39 असले की अजून सव्वादोन फुटांहून थोडे अधिक अंतर आहे हे कुणालाही कळते. विसर्गाचा आकडा चौथ्या ओळीत गेला आहे. 4356 क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 1 लाख 23 हजार लिटर. ही माहिती अभियंत्याला, पत्रकाराला आणि पुढच्या तालुक्याच्या तहसीलदाराला लागते, म्हणून ती राहिलीच पाहिजे. पण मोटार काढायची की नाही हे ठरवणाऱ्या शेतकऱ्याला ती आधी लागत नाही.

‘सतर्क राहावे’ हे वाक्य मी काढून टाकले आहे. ते वाचून कोणी काही करू शकत नाही. सतर्क राहणे म्हणजे नेमके काय, हे आपल्याला माहीत असते: नदीतले पंप आणि पाइप वर घेणे, गोठा मोकळा करणे, पाण्याखाली जाऊ लागलेल्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यावरून दुचाकी न घालणे. ते माहीत असूनही आपण अमूर्त शब्द लिहितो, कारण व्हिडिओतला अधिकारी पुढे तपशील बोलणार असतो. आवाज बंद झाला की तो तपशील जातो आणि पोकळ शब्द तेवढा उरतो.

हाच क्रम व्हिडिओच्या चौकटीतही उतरवावा लागतो, कारण खालचा मजकूर व्हिडिओसोबत राहीलच याची खात्री नाही. व्हॉट्सअॅपवर एखादा व्हिडिओ दहा गटांतून फिरतो तेव्हा तो उतरवून घेतलेला असतो. खात्याचे नाव, तारीख, मजकूर सगळे मागे राहिलेले असते. उरते ते चित्र. धरणाच्या दरवाज्यातून पडणारे पाणी दरवर्षी सारखेच दिसते, आणि म्हणूनच जुने व्हिडिओ नव्या पावसात नवे म्हणून फिरतात. चौकटीत वर्षासह तारीख, वेळ, नदीचे नाव आणि कक्षाचे नाव एका छोट्या पट्टीवर शेवटपर्यंत राहिले, तर 24 जुलै 2027 चा व्हिडिओ 2029 मध्ये कोणी पुढे ढकलला तरी तो स्वतःच आपले वय सांगेल.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. बऱ्याच ठिकाणी आता बोलण्याची उपशीर्षके दिली जातात, काही वेळा ती यंत्राने आपोआप उमटवलेली असतात, आणि त्यामुळे काम झाले असे वाटते. उपशीर्षके हवीतच. ज्यांना ऐकू येत नाही त्यांचा तो हक्क आहे. पण उपशीर्षके बोलण्याचा क्रम जसाच्या तसा ठेवतात. बोलणे ‘नमस्कार’पासून सुरू होत असेल तर अक्षरेही ‘नमस्कार’पासून सुरू होतात, आणि मोटार काढायची सूचना 38 व्या सेकंदालाच येते. शिवाय धरणावर उभा असलेला माणूस ‘इथे’, ‘आज’, ‘हे मागे दिसतंय ते’, ‘आता’ असे शब्द वापरतो. ते त्याच्या तोंडी बरोबर असतात, कारण तो तिथे आणि त्या क्षणी आहे. वाचणारा कागलमध्ये आहे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो आहे. त्याच्यासाठी ‘आज’ म्हणजे चुकीचा दिवस. म्हणून मजकूर तपासताना पहिले काम हे की ‘आज’, ‘उद्या’, ‘इथे’, ‘सध्या’, ‘हे’ असे शब्द शोधायचे आणि त्यांच्या जागी तारीख, तास आणि गावाचे किंवा नदीचे नाव घालायचे. एवढ्यानेच अर्धा मजकूर सुधारतो.

चौकटीवरच्या अक्षरांबद्दल काही अगदी व्यावहारिक गोष्टी. सुरुवातीचे बोधचिन्ह काढून शेवटी न्यावे. पहिल्या तीन सेकंदांत नदी, निर्णय आणि वेळ दिसली पाहिजे. बीबीसीच्या उपशीर्षक मार्गदर्शिकेत मिनिटाला 160 ते 180 शब्दांचा वेग सुचवला आहे, म्हणजे सेकंदाला सुमारे तीन शब्द. तो इंग्रजीचा हिशेब आहे. ‘नदीकाठच्यांनी’ या आपल्या एका शब्दात त्यांचे तीन-चार शब्द मावतात, त्यामुळे मराठीत तीन सेकंदांना सहा शब्दांहून जास्त देऊ नयेत. उभ्या व्हिडिओत खालच्या सुमारे एकतृतीयांश भागावर खात्याचे नाव आणि मजकूर चढतो, उजव्या कडेला बटणे येतात; तिथे अक्षरे ठेवली तर ती झाकली जातात. जागा मधल्या आणि वरच्या भागात आहे. आणि धरणाच्या व्हिडिओची एक खास अडचण म्हणजे पाणी पांढरे असते. फेसाळत्या पाण्यावर पांढरी अक्षरे दिसत नाहीत. काळी किनार दिली तर देवनागरीतल्या मात्रा, रफार आणि अनुस्वार किनारीत बुजतात आणि ‘39’ वाचता येते पण ‘इंच’ वाचता येत नाही. अक्षरांमागे गडद रंगाची भरीव पट्टी द्यावी, दोन ओळींत उकार आणि मात्रा एकमेकांना भिडणार नाहीत एवढे अंतर ठेवावे, आणि अक्षर जाड असावे. भर दुपारी उघड्यावर, हात ओले असताना, फोनची चमक कमी असताना ते वाचले जाणार आहे.

यावर काही आक्षेप येतील, आणि त्यांतले काही मला महत्त्वाचे वाटतात.

पहिला असा की सगळे आधीच सांगितले तर व्हिडिओ कोण पाहील? व्हिडिओच्या जगात उत्सुकता ताणून धरण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, आणि करमणुकीसाठी तो योग्यही असेल. पण इशाऱ्याचे यश पाहण्याच्या वेळेत मोजता येत नाही. पहिली ओळ वाचून फोन खिशात टाकून मोटार काढायला गेलेला शेतकरी दृश्यसंख्येत तीन सेकंदांचा म्हणून नोंदला जाईल, आणि आपले काम मात्र पूर्ण झालेले असेल. महिन्याच्या अहवालात दृश्ये आणि पाहण्याचा सरासरी वेळ लिहावा लागतो, हे मी समजू शकतो. त्या अहवालात इशाऱ्यांचे व्हिडिओ वेगळ्या रकान्यात ठेवावेत, एवढीच विनंती.

दुसरा आक्षेप शिष्टाचाराचा आहे. वरिष्ठांचे आणि कार्यालयाचे नाव आधी येते तेव्हा माहिती अधिकृत असल्याचे कळते, नाही तर अफवा आणि इशारा यांत फरक काय? हा प्रश्न खरा आहे, कारण अफवांच्या दिवसांत स्रोत कळणे अत्यावश्यक असते. पण स्रोत कळणे आणि स्रोत पहिल्या ओळीत असणे या दोन गोष्टी आहेत. पोस्टच्या डोक्यावर खात्याचे नाव माध्यम स्वतःच दाखवते, मग तेच पुन्हा पहिल्या ओळीत कशाला? आणि जिथे ते नाव गळून पडते, म्हणजे उतरवून पुढे पाठवलेल्या व्हिडिओत, तिथे पहिल्या ओळीतले नावही गळून पडलेलेच असते. तिथे उपयोगी पडते ती चौकटीतली पट्टी. आपत्तीच्या इशाऱ्यांसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या सामायिक इशारा नमुन्यातही, ज्यावर राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची ‘सचेत’ ही यंत्रणा चालते, पाठवणाऱ्याची ओळख सक्तीने नोंदवली जाते. पण घटना, तिची तीव्रता, क्षेत्र, मुदत आणि सूचना यांना तिथे स्वतंत्र रकाने आहेत. सज्जतेच्या वाक्याला रकाना नाही. हा नमुना आपल्या कक्षांना परिचित आहे. व्हिडिओचा मजकूर लिहिताना तो समोर ठेवला तरी बरेच काम होईल.

तिसरा आक्षेप घबराटीचा. ‘पाणी वाढणार’ असे सुरुवातीलाच लिहिले तर लोक घाबरतील, म्हणून आधी ‘प्रशासन सज्ज आहे’ असे सांगावे. मला वाटते इथे कारण आणि परिणाम उलटे धरले जातात. भीती वाटते ती चित्राने. दरवाज्यातून कोसळणारे पाणी मुक्याने पाहिले तर ते प्रलयासारखे दिसते, दोन दरवाजे असोत की सात. त्या चित्राला मोजमाप देण्याचे काम अक्षरे करतात. 36 फूट 8 इंच आणि इशारा 39 हे वाचणाऱ्याला वेळ आहे हे कळते, आणि वेळ किती हे कळले की माणूस कामाला लागतो. दरवाजे आपोआप उघडले आहेत हे वाक्यही त्याचसाठी आहे. धरणाला काही झाले आहे, कोणी अचानक पाणी सोडले आहे, अशा शंका त्याने मिटतात. ‘सज्ज’ हा शब्द यातले काहीच करत नाही.

चौथा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. ज्यांना वाचता येत नाही त्यांचे काय? व्हिडिओचा आवाज हेच तर त्यांच्यासाठीचे माध्यम. याचे पूर्ण उत्तर मजकुरात नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. कितीही चांगली ओळ लिहिली तरी न वाचणाऱ्या माणसापर्यंत ती पोहोचणार नाही. त्याच्यासाठी गावातला भोंगा, रिक्षावरचा लाउडस्पीकर, पोलीस पाटील आणि दवंडी हीच साधने आहेत, आणि समाजमाध्यमांमुळे ती मागे पडू देता कामा नयेत. मात्र आवाज काढून टाका असे मी म्हणत नाही. उलट जो क्रम अक्षरांसाठी सांगितला तोच बोलण्यालाही लावावा. अधिकाऱ्यांनी ‘नमस्कार’नंतर लगेच ‘भोगावती आणि पंचगंगेच्या काठी राहणाऱ्यांनो, पाणी वाढणार आहे’ असे म्हटले तर ऐकणाऱ्याचेही 38 सेकंद वाचतात, आणि उपशीर्षकेही आपोआप योग्य क्रमात येतात. आवाजासाठी आणि मौनासाठी दोन संहिता लिहायची गरज उरत नाही.

आकडे तासातासाला बदलतात, मग लिहिलेले खोटे ठरणार नाही का, अशीही शंका येईल. वेळ लिहिली असेल तर नाही. ‘विसर्ग सुरू आहे’ हे वाक्य दोन तासांनी खोटे होते. ‘दुपारी 3 वाजता विसर्ग 4356 क्युसेक’ हे कायम खरे राहते. फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर खालचा मजकूर नंतर बदलता येतो, पण इन्स्टाग्रामवर एकदा टाकलेला व्हिडिओ बदलता येत नाही. म्हणून चौकटीत वेळेसह असलेलेच आकडे लिहावेत, आणि परिस्थिती बदलली की जुन्या पोस्टच्या पहिल्या ओळीत ‘ही माहिती दुपारी 3 ची, नवी माहिती सायं. 6 च्या पोस्टमध्ये’ असे लिहावे. जुनी पोस्ट पुसून टाकू नये. ती उतरवून घेतलेले लोक ती पुढे पाठवतच राहतात आणि मग पडताळून पाहायला मूळ उरत नाही.

मजकूर जमला की नाही हे तपासायला फारसा वेळ लागत नाही. प्रसिद्ध करण्याआधी आवाज बंद करून व्हिडिओ कक्षाबाहेरच्या एखाद्याला, शक्यतो दुसऱ्या तालुक्यातल्या कर्मचाऱ्याला, फक्त पाच सेकंद दाखवावा आणि फोन काढून घ्यावा. मग विचारावे: कुठली नदी, कुठली वेळ, काय करायचे? तीनपैकी एक जरी सांगता आले नाही तर पहिली ओळ पुन्हा लिहावी. मग तोच व्हिडिओ मजकुराशिवाय व्हॉट्सअॅपवर पाठवून तोच प्रश्न दुसऱ्याला विचारावा. दोघांची उत्तरे सारखी आली तर चौकटीतली अक्षरेही पुरेशी आहेत असे समजावे. ‘आणखी’ कुठे येते तेही स्वतःच्या नव्हे, जुन्या आणि लहान पडद्याच्या फोनवर पाहावे.

शेवटी, पाणी उतरताना काय लिहायचे याकडे खास लक्ष वेधतो, कारण तिथे सर्वांत जास्त ढिलाई होते. स्वयंचलित दरवाजे मिटतात तेव्हा त्याचा व्हिडिओ करायला धरणावर कोणी धावत नाही, आणि मिटलेल्या दरवाज्याचे चित्रही फारसे कोणी पाहत नाही. पण स्थलांतर केलेल्या, पंचगंगेकाठच्या चिखलीतल्या कुटुंबाला परत कधी जायचे हे ठरवायला तीच माहिती लागते. तिथेही क्रम तोच: ‘भोगावती-पंचगंगा काठ: पाणी उतरतंय, पण घरी परतू नका’, मग तारीख-वेळ, मग राजाराम बंधाऱ्याची पातळी, परतण्याबाबत निर्णय किती वाजता कळेल ते, आणि त्यानंतर दरवाज्यांचे क्रमांक. दरवाजे बंद झाले म्हणजे वरून येणारे पाणी थांबले असा अर्थ लोक लावतात. कासारी, कुंभी आणि तुळशीचे पाणी तेव्हाही पंचगंगेत येत असते, आणि हे पहिल्या दोन ओळींत लिहिले नाही तर मिटलेल्या दरवाज्याचे मुके चित्र लोकांना घरी परतायला सांगेल.

कळावे,

आपला नम्र,
बातम्यांच्या संपादनाचे काम करणारा एक नागरिक